खोली दोघांची, माणसं सात: एक्स्ट्रा पर्सन, मुलांचं वय आणि एका खोलीत किती जण, याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाबळेश्वरातल्या एका मध्यम हॉटेलात बुकिंगचा फोन मी सांभाळते. फोनवर पहिला प्रश्न येतो, "रूम आहे का?" आणि दुसरा, "रेट काय?" किती जण येणार आणि मुलं केवढी आहेत, हे कोणी आपणहून सांगत नाही. मग तो हिशेब काउंटरवर उघडतो. तेव्हा पसरणीचा घाट चढून आलेलं एक पोर हिरवंपिवळं झालेलं असतं, आजींना बसायला खुर्ची हवी असते आणि बाबांच्या हातात 'पूर्ण पैसे भरले' असं लिहिलेला मोबाइल असतो. त्या वेळी कोणाचंच डोकं शांत नसतं, म्हणून हे आधीच लिहून ठेवते आहे. आकडे हिशेब सोपा जावा म्हणून गोल धरले आहेत. नियम आमच्याकडचे आहेत. इतर हॉटेलांत जिथे वेगळं असतं तिथे तसं सांगितलं आहे.

खोलीचं भाडं दिलं की खोली आमची. मग आत किती जण राहिले याचे वेगळे पैसे का?

भाडं भिंतींचं नसतं, दोन माणसांचं असतं. साइटवर जो आकडा दिसतो त्यात दोघांचा मुक्काम धरलेला असतो, म्हणजे दोघांच्या चादरी, टॉवेल, गरम पाणी आणि नाश्ता. तिसरा माणूस आला की त्याची गादी, त्याचं अंथरूण-पांघरूण आणि त्याचा नाश्ता वाढतो. त्यालाच एक्स्ट्रा पर्सन चार्ज म्हणतात.

यात दोन वेगळे आकडे असतात आणि लोक ते एकच समजतात. पहिला, भाड्यात किती जण धरलेत. दुसरा, खोलीत जास्तीत जास्त किती जण राहू शकतात. आमच्या साध्या खोलीत भाड्यात दोघे धरलेत आणि जास्तीत जास्त चार डोकी राहू शकतात, त्यातही मोठी माणसं तीनच. दोनाच्या पुढे आणि चाराच्या आत जे येतात, त्यांचे पैसे भरून सोय होते. चाराच्या पुढे पैसे देऊनही होत नाही.

आम्ही ॲडजस्ट करू हो. पाच-सहा जण एका खोलीत झोपू, घरी नाही का झोपत?

झोपाल, यात मला शंका नाही. लग्नघरात आपण सगळेच एका खोलीत दहा-दहा जण झोपलेले आहोत. पण सकाळी सहाला थंडीत पाचवा माणूस अंघोळीला गेला की गीझर रिकामा झालेला असतो आणि फोन मला येतो. आमच्या गीझरची टाकी १५ लिटरची आहे. तेवढं कडक पाणी संपलं की तो पुन्हा तापायला वेळ घेतो.

हे झालं सोयीचं कारण. दुसरं कारण सुरक्षिततेचं. खोलीतून बाहेर पडायला दार एकच असतं. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या घातल्या, तर रात्री दिवे गेल्यावर किंवा धूर झाल्यावर माणसं अडखळतात. शिवाय मुक्कामाला असलेल्या प्रत्येकाची नोंद रजिस्टरमध्ये हवी. 'चार लिहा, दोघं नंतर येतील' असं कोणी म्हणालं तर आम्ही नाहीच म्हणतो, कारण रात्री काही झालं तर आत किती माणसं होती हे आम्हाला सांगता आलं पाहिजे.

मुलांची वयाची मर्यादा नेमकी काय?

आमच्याकडे सहावा वाढदिवस होईपर्यंत मूल मोफत, आई-वडिलांच्या पलंगावर. सहा पूर्ण झाल्यापासून बाराव्या वाढदिवसापर्यंत मुलाचा दर. बारा पूर्ण झाली की मोठ्या माणसाचा दर.

पण दोन हॉटेलांचे नियम सारखे असतीलच असं नाही. कुठे '५ वर्षांखालील मोफत' असतं, कुठे '५ वर्षांपर्यंत मोफत'. वाचताना दोन्ही एकच वाटतात, पण साडेपाच वर्षांच्या मुलाला पहिल्या ठिकाणी पैसे पडतात आणि दुसऱ्या ठिकाणी बहुधा पडत नाहीत. 'बहुधा' म्हणते, कारण 'पर्यंत' म्हणजे पाचव्या वाढदिवसापर्यंत की सहाव्या, हे प्रत्येक जण आपल्या सोयीने वाचतो. '५ ते १२' असं लिहिलेलं असलं की दोन्ही टोकांना हाच घोळ. म्हणून विचारताना वय विचारू नका, वाढदिवस सांगा. "मुलगा मार्चमध्ये सहा पूर्ण करतो, आम्ही फेब्रुवारीत येतोय, पैसे पडतील का?" अशा प्रश्नाला गोलमाल उत्तर देता येत नाही.

एसटीचं अर्धं तिकीट पाच ते बारा वर्षांचं असतं म्हणून हॉटेलातही तसंच असेल, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. एसटीचा नियम राज्यभर एकच आहे, हॉटेलचा नियम मात्र ज्याचा त्याचा.

मुलीला बारावं लागलंय. फॉर्ममध्ये १२ लिहू की ११?

११ लिहा. माझ्या अंदाजाने काउंटरवरचे निम्मे वाद या एका वाक्यातून जन्मतात. आपण मराठीत चालू वर्ष सांगतो. 'बारावं लागलं' म्हणजे अकरा पूर्ण झाली आणि बारावं वर्ष सुरू आहे. साइटचा फॉर्म मात्र पूर्ण झालेली वर्षं विचारतो. तुम्ही १२ निवडलं की संगणक तिला मोठी समजून मोठ्या माणसाचा दर लावतो.

एका आजोबांनी फोनवर नातवाचं वय 'सहावं' सांगितलं. मी सहा लिहिलं, मुलाचा दर लावला आणि त्यांनी मुकाट्याने भरला. इथे आल्यावर आधार कार्डावरची जन्मतारीख पाहिली तर मुलगा पाच वर्षं दोन महिन्यांचा निघाला. पैसे परत केले. तेव्हापासून मी वय विचारतच नाही, थेट जन्मतारीख विचारते.

वय मोजायचं ते चेक-इनच्या दिवशीचं, बुकिंगच्या दिवशीचं नाही. मे महिन्याचं बुकिंग जानेवारीत करताना मुलगा अकराचा असेल आणि एप्रिलमध्ये बारा पूर्ण करणार असेल, तर फॉर्ममध्ये १२ च लिहायला हवं.

वयाचा पुरावा मागता का?

सरसकट नाही. वय सीमारेषेवर असेल तर मागतो. मुलाचं आधार चालतं. पाच वर्षांखालच्या मुलांचं निळं बाल आधारही चालतं. जन्मदाखल्याचा मोबाइलमधला फोटोही आम्ही मान्य करतो. शाळेच्या ओळखपत्राचा फारसा उपयोग होत नाही, कारण त्यावर बरेचदा इयत्ता असते आणि जन्मतारीख नसते. अठरावरील प्रत्येकाचं ओळखपत्र मात्र लागतंच, आजी-आजोबांचंही. ते घरी राहिलं म्हणून अडकलेली कुटुंबं दर सीझनला पाहते.

आम्ही सात जण आहोत. दोन खोल्यांत बसू का, आणि एकूण किती होतील?

हा हिशेब पूर्ण करून दाखवते, कारण अशी कुटुंबंच सर्वांत जास्त येतात. सांगलीचं एक कुटुंब धरू: आजी-आजोबा, आई-बाबा आणि तीन मुलं, वयं १३, ७ आणि ४. मुक्काम दोन रात्री, नाश्त्यासह. खोलीचं भाडं दोघांना ५,००० रुपये. जास्तीच्या मोठ्या माणसाला गादीसह १,४००. सहा ते बारातल्या मुलाला गादीसह १,०००, गादी नको असेल तर ६००.

बाबांनी साइटवर दोन खोल्या, चार मोठे, तीन मुलं असं भरलं. मुलांच्या वयाच्या चौकटीत जे आधीच दिसत होतं ते तसंच राहू दिलं, आणि तिथे तिघांनाही शून्य वर्षं होती. म्हणजे साइटच्या मते तीन तान्ही बाळं येणार होती. एका रात्रीचे १०,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी ५००. दोन रात्रींचे २१,००० भरून झाले. बाबा निश्चिंत झाले.

आता खरी विभागणी पाहू. तेरा वर्षांचा मुलगा हिशेबात मोठा, म्हणून मोठी माणसं पाच झाली. एका खोलीत आई-बाबा, सात आणि चार वर्षांची मुलं: दोन मोठे, दोन लहान, चार डोकी, बसतात. दुसऱ्या खोलीत आजी-आजोबा आणि तेरा वर्षांचा नातू: तीन मोठे, तेही बसतात. पहिल्या खोलीचे ५,००० आणि सात वर्षांच्या मुलाच्या गादीचे १,०००, म्हणजे ६,०००. चार वर्षांचं मूल मोफत. दुसऱ्या खोलीचे ५,००० आणि १,४००, म्हणजे ६,४००. एका रात्रीचे १२,४००, जीएसटी ६२०, एकूण १३,०२०. दोन रात्रींचे २६,०४०.

फरक ५,०४० रुपयांचा. हॉटेलने ऐनवेळी लुटलं असं बाबांना वाटणं मी समजू शकते. पण हा फरक तीन छोट्या चौकटींत आधीपासून बसलेला होता. वयं बरोबर भरली असती तर तोच आकडा घरी बसून दिसला असता, आणि तेव्हा दुसरं हॉटेल बघायची मोकळीकही होती.

सात वर्षांच्या मुलाला गादी नको, तो आमच्यातच झोपेल. मग ६०० कशाचे?

मुख्यतः नाश्त्याचे. नाश्ता बुफे आहे आणि सात वर्षांचं मूल थालीपीठही खातं, कॉर्नफ्लेक्सही खातं आणि ज्यूसही पितं. खोली नाश्त्याशिवाय घेतली असेल तर काही हॉटेलं गादीविना मुलाचे पैसे घेतच नाहीत. विचारून बघा.

झोपण्याबद्दल मात्र एक सांगते. आमचा डबलबेड सहा फूट रुंद आहे, पण पुष्कळ ठिकाणी तो पाचच फुटांचा असतो. पाच फुटांत आई, बाबा, सात वर्षांचं आणि चार वर्षांचं मूल झोपवून बघितलेल्या बाबांनी रात्री साडेअकराला गादी मागितलेली आहे. तेव्हा गादी शिल्लक असेलच असं नाही.

एक्स्ट्रा बेड म्हणजे पलंग मिळतो का?

बहुतेक ठिकाणी नाही. 'बेड' असं लिहिलेलं असलं तरी मिळते ती जमिनीवरची गादी, उशी आणि ब्लँकेट. काही ठिकाणी घडीची खाट असते. मोठ्या हॉटेलांत चाकांचा पलंग मिळतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरच्या गादीवरून उठणं किती कठीण जातं हे आजी सांगतील, बुकिंग साइट सांगणार नाही. म्हणून बुकिंग करताना 'गादी की खाट' हे थेट विचारा, आणि पलंगावर कोण व गादीवर कोण हे घरातच ठरवून या. आमच्या सांगलीच्या हिशेबात म्हणूनच नातू गादीवर आहे.

सीझनला गाद्या मोजक्या असतात. व्हाउचरवर 'उपलब्धतेनुसार' असं लिहिलेलं असेल तर गादीचे पैसे अजून भरलेले नाहीत आणि गादीची खात्रीही नाही, असं समजा.

एका गादीमुळे बिल एवढं कसं वाढलं? गादी १,४०० ची आणि फरक अडीच हजारांचा!

हा कराचा टप्पा. २२ सप्टेंबर २०२५ पासून, दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्या खोलीवर १८ टक्के. आमच्याकडे एक्स्ट्रा माणसाची रक्कम त्या खोलीच्या भाड्यात मिळवून मग टप्पा बघतात.

दिवाळीत तीच खोली ६,५०० ची होते. नुसत्या खोलीवर कर ३२५, म्हणजे ६,८२५. त्यात १,४०० ची गादी आली की रक्कम ७,९००. आता पूर्ण रकमेवर १८ टक्के, म्हणजे १,४२२. एकूण ९,३२२. फरक २,४९७ रुपये. १८ टक्के फक्त वरच्या चारशेवर लागत नाहीत, सगळ्या ७,९०० वर लागतात. तिथेच लोक चकतात.

यावर उपाय कधी असतो, कधी नसतो. बुधवार-गुरुवारी भाडं कमी असतं आणि रक्कम टप्प्याखाली राहते. कधी तिघांसाठीचीच खोली ७,५०० च्या आत मिळून जाते. एवढंच करा, दर विचारताना "सगळे धरून आणि कर धरून एका रात्रीचे किती?" असा विचारा.

साइटवर सीपी, एमएपी असं लिहिलेलं असतं. त्याचा माणसांशी काय संबंध?

ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे नाश्त्यासह. एमएपी, ज्याला सगळे 'मॅप' म्हणतात, म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एपी म्हणजे तिन्ही वेळचं. एक्स्ट्रा माणसाचा दर या प्लॅनप्रमाणे बदलतो. सीपीत १,४०० असलेला माणूस मॅपमध्ये दोन हजारांच्या पुढे जातो, कारण त्याचं रात्रीचं जेवण आलं. मोफत असलेलं लहान मूलही जेवणासह मोफत आहे का, ते वेगळं विचारा. आमच्याकडे आहे. सगळीकडे नसतं.

व्हाउचरवर 'चाइल्ड विदाउट बेड' असं दिसलं तर मुलाचे पैसे भरले आहेत पण गादी धरलेली नाही, असा अर्थ.

मी एकटीच दोन मुलांना घेऊन येतेय. एक आठ वर्षांचा, एक चार वर्षांची. दोघांचे पैसे पडतील?

आमच्याकडे एकाचेही नाही. भाड्यात दोघे धरलेले असतात. तुम्ही एक आणि आठ वर्षांचा मुलगा दुसरा, त्याचा नाश्ता त्यातच आला. चार वर्षांची मोफत. पण साइटवर 'एक मोठा, दोन मुलं' भरलं की कधी कधी मुलाचे पैसे वेगळे लागलेले दिसतात. तेव्हा भरण्याआधी हॉटेलला फोन करा. एकट्या आईने हे जादा पैसे मुकाट भरलेले मी पाहिलेत. ते तिला लागू नव्हते.

तेरा वर्षांच्या मुलाचे मोठ्या माणसाचे पैसे घेता, मग त्याला आणि त्याच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला वेगळी खोली द्या.

देता येत नाही. पैशाला बारा पूर्ण झाली की मोठा, पण खोली एकट्याने घ्यायला अठरा पूर्ण लागतात. हे विसंगत वाटतं हे मला मान्य आहे. दोन्ही नियमांमागची कारणं वेगळी आहेत: पहिला खाण्या-झोपण्याचा, दुसरा जबाबदारीचा. प्रत्येक खोलीत निदान एक अठरावरचा माणूस हवा. शेजारच्या दोन खोल्या किंवा मधलं दार असलेल्या खोल्या हव्या असतील तर आधी सांगा. साइटवर दोन खोल्या घेतल्या म्हणजे त्या शेजारीच मिळतात असं नाही.

आजोबा ७८ वर्षांचे आहेत. एसटीत त्यांना तिकीट नाही. इथे?

इथे पूर्ण. पण लिफ्ट नसेल तर तळमजल्याची खोली आम्ही आनंदाने देतो, बुकिंगच्या वेळी सांगितलं तर.

ड्रायव्हर आणि मुलांना सांभाळणाऱ्या ताई धरायच्या का?

ताई खोलीत झोपणार असतील तर मोठ्या माणसात धरायच्या. ड्रायव्हरला बहुतेक हॉटेलांत वेगळी कॉमन खोली असते, कुठे मोफत, कुठे थोड्या पैशांत. काही ठिकाणी अजिबात नसते आणि तो बिचारा गाडीत झोपतो. महाबळेश्वरच्या डिसेंबरच्या थंडीत ते बरं नव्हे, म्हणून आधी विचारा.

वाईहून मामा-मामी भेटायला येतील, रात्री जेवून जातील. त्यांचे पैसे?

भेटीचे नाहीत, जेवणाचे पडतील. रिसेप्शनवर नाव सांगून वर यायचं. दहा-साडेदहानंतर राहायचं ठरलं आणि जागा असेल तर एक्स्ट्रा पर्सन लागेल. खोलीत आधीच चार डोकी असतील तर वेगळी खोली घ्यावी लागेल.

बुकिंग झालंय आणि आत्ता लक्षात आलं की वयं चुकीची भरलीत. आता?

आजच फोन करा, येण्याच्या दिवशी नको. आधी हॉटेलला विचारा की खोलीत तेवढी माणसं बसतात का. बसत असतील तर फरकाची रक्कम, गादी आहे की नाही आणि दर कराशिवाय की करासह, हे सगळं व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लिहून मागा. फोनवर कोणी तरी 'हो हो, बघू' म्हणालं, याला संध्याकाळच्या शिफ्टला काही किंमत नसते. हे मी आमच्याच शिफ्टबद्दल सांगतेय.

बसत नसतील तर फुकट रद्द करण्याची मुदत कधी संपते ते व्हाउचरवर बघा. मुदत संपायच्या आत मोठी खोली घेता येते किंवा हॉटेल बदलता येतं. मुदत संपल्यावर हातात राहते फक्त विनंती.

साइटवरून बुकिंग असेल तर बदलही तिथूनच करता येतो का ते पाहा. कधी साइटवरचा एक्स्ट्रा दर काउंटरवरच्या दरापेक्षा कमी असतो, कधी उलटं. दोन्ही विचारून जो कमी असेल तो घ्या, आम्हाला वाईट वाटत नाही.

३१ डिसेंबरला मुलांचेही वेगळे पैसे सांगितले. ते कशाचे?

त्या रात्री बऱ्याच हॉटेलांत गाला डिनर सक्तीचं असतं आणि त्याचे पैसे माणशी लागतात. लहान मुलांचा दर वेगळा असतो. खोलीच्या दरात तो दिसतोच असं नाही, तळाशी बारीक अक्षरात असतो.

मुलाचा बारावा वाढदिवस मुक्कामातच येतोय. दुसऱ्या दिवसापासून तो मोठा धरणार का?

नाही. चेक-इनच्या दिवशी अकराचा असेल तर पूर्ण मुक्काम मुलाच्याच दराने. केक हवा असेल तर आदल्या संध्याकाळी किचनला सांगा, आणि अंडं चालतं की नाही तेही.